पुढच्या तारखेचा चेक आणि पार्टीचं खातं: जमा कधी लिहायची?

प्रश्न: इंदूरला एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये आमचं रेडीमेडचं होलसेल दुकान आहे. खरगोन, धार, देवासकडच्या पार्ट्या दोन-दोन महिन्यांपुढच्या तारखेचे चेक देतात. चेक आला की मी टॅलीत लगेच पार्टीच्या खात्यात जमा करतो. पण चेक परत आला की सगळं बिघडतं, कुणाकडे किती बाकी आहे तेच कळत नाही. हा हिशेब नीट कसा ठेवायचा?

उत्तर:

मी सियागंजातल्या एका पेढीत येणे-उधारीचा हिशेब सांभाळते. माल वेगळा असला तरी पार्ट्या त्याच गावांच्या आहेत आणि चेकही तसेच पुढच्या तारखेचे येतात, म्हणून आमच्याकडे जसं चालतं तसंच सांगते.

तुमचं बिघडतं ते चेक परत येतो त्या दिवशी नाही, चेक हातात येतो त्या दिवशी. चेक मिळाल्याबरोबर तुम्ही जमा लिहिता, म्हणून पार्टीची बाकी कागदावर शून्य होते आणि बँकेच्या खात्यात नसलेले पैसे दिसू लागतात. बँकेचा फरक महिनाअखेरीला जुळवताना सापडतो. पार्टीच्या खात्यातला खोटेपणा मात्र सापडत नाही, आणि नुकसान तिथेच होतं. तुमचा सेल्समन किंवा दलाल खातं बघतो, "यांचं तर सगळं क्लिअर आहे" म्हणतो आणि पुढच्या गाठी रवाना होतात. दोन महिन्यांनी पहिला चेक परत येतो तेव्हा त्याच पार्टीवर दुपटीची उधारी चढलेली असते. म्हणून पहिला नियम असा धरा की पुढच्या तारखेचा चेक पार्टीची बाकी कमी करत नाही. तो बँकेत टाकला जाईपर्यंत बिल उभंच राहतं आणि उधारीची मर्यादाही अडलेलीच राहते. पार्टीची मर्यादा 3 लाख असेल आणि तिचे 2 लाखांचे चेक तुमच्या तिजोरीत पडले असतील, तर नवा माल 1 लाखाचाच द्यायचा.

मग चेक लिहायचा कुठे? वेगळ्या रजिस्टरात. आमच्याकडे ते एक्सेलमध्ये आहे, पण जाड वहीतही तितकंच चांगलं चालतं. चेक ज्या दिवशी आला ती तारीख, पार्टी, चेकचा नंबर आणि बँक, चेकवरची तारीख, रक्कम, कोणत्या बिलाचा आहे तो बिल नंबर, आणि चेक कुणी आणला, पार्टीने स्वतः की दलालाने, एवढं त्याच दिवशी भरायचं. बँकेत टाकल्याची तारीख, काय झालं, परत आला तर बँकेचा मेमो कधी हातात आला, हे रकाने नंतर भरतात. यातला बिल नंबरचा रकाना लोक सर्रास मोकळा सोडतात. पार्टीला विचारल्याशिवाय तो भरता येत नाही आणि विचारायला कंटाळा येतो. पण चेक कोणत्या बिलाचा हे आज विचारणं सोपं आहे. परत आल्यावर विचारलं की पार्टीला सगळ्यात नवं बिल आठवतं. चेकचा फोटो दोन्ही बाजूंनी काढून ठेवा. मूळ चेक पार्टीप्रमाणे न लावता तारखेप्रमाणे लावा, म्हणजे दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे चेक एका जागी हाताला येतात.

चेक आला त्याच क्षणी तो एकदा वाचून घ्या. आता बँकांत चेकची फक्त प्रतिमा पुढे जाते, त्यामुळे नाव किंवा रक्कम खोडून दुरुस्त केलेला चेक चालत नाही. अक्षरी आणि अंकी रकमेत फरक असेल तर पार्टीकडून लगेच दुसरं पान मागा. मोठ्या रकमेच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे आहे. चेक लिहिणाऱ्याने त्याचा तपशील आपल्या बँकेला आधी कळवायचा असतो. 50,000 आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय असते, आणि 5 लाखांपासून पुढे बँक ती सक्तीची करू शकते. पार्टीने तपशील कळवला नाही तर खात्यात पैसे असूनही चेक अडकू शकतो. शनिवारी पुढच्या आठवड्याचे चेक काढले की पार्टीला फोन करून हे विचारून घ्यायचं.

टॅलीत याची सोय आहे. रिसीट व्हाउचर करताना `Ctrl+T` दाबलं की व्हाउचर पोस्ट-डेटेड होतं, आणि ती तारीख येईपर्यंत पार्टीच्या किंवा बँकेच्या खात्यात धरलं जात नाही. सोय चांगली आहे, फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. तारीख आली की ते व्हाउचर आपोआप खात्यात उतरतं, तुम्ही चेक बँकेत टाकला असो वा नसो. आणि आपल्याकडे आदल्या दिवशी फोन येतोच: "भाईसाब, चार दिन रुक के लगाना." तुम्ही थांबता, टॅली थांबत नाही. त्यामुळे थांबायला हो म्हटलं की त्याच वेळी व्हाउचरची तारीख पुढे सरकवा. हे रोज होणार नसेल तर टॅलीत आधी काहीच टाकू नका, रजिस्टर पुरेसं आहे, आणि रिसीट ज्या दिवशी चेक बँकेत टाकाल त्याच दिवशी करा. मी दुसरी पद्धत वापरते.

थांबण्यालाही शेवट आहे. चेक त्याच्या तारखेपासून 3 महिनेच चालतो, 1 एप्रिल 2012 पासून हाच नियम आहे. 2 सप्टेंबरचा चेक असेल तर तो डिसेंबरच्या सुरुवातीला मेला. रजिस्टरात मी ही शेवटची तारीख लाल शाईने लिहिते, कारण "अजून आठवडाभर" असं म्हणत म्हणत तीन महिने सहज निघून जातात. उलट घाई करून तारखेआधी टाकला तर बँक तो पुढच्या तारखेचा म्हणून परत करते आणि खर्च तुमच्या माथी बसतो.

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. रकमा सोप्या घेतल्या आहेत. खरगोनच्या एका पार्टीचं बिल नंबर 618, तारीख 4 जुलै, माल 1,20,000 चा, त्यावर 5 टक्के जीएसटी 6,000, एकूण 1,26,000. दलालाने 9 जुलैला पूर्ण रकमेचा 2 सप्टेंबरचा चेक आणून दिला. 9 जुलैला फक्त रजिस्टरात ओळ पडते. टॅलीत पार्टीकडे 1,26,000 बाकी दिसतच राहते, आणि तेच खरं आहे.

2 सप्टेंबरला चेक बँकेत टाकला. त्या दिवशी रिसीट केली: बँक नावे 1,26,000, पार्टी जमा 1,26,000, आणि बिलाच्या खिडकीत `Agst Ref` घेऊन 618. इथे `On Account` ठेवू नका. मोघम जमा केलेली रक्कम नंतर कुठल्याही बिलावर बसवता येते, आणि चेक परत आला की कोणतं बिल उघडं पडलं ते कुणीच सांगू शकत नाही.

4 ऑक्टोबर 2025 पासून क्लिअरिंग दिवसभर सलग चालतं आणि देणाऱ्या बँकेने त्याच संध्याकाळपर्यंत चेक पास की परत ते सांगायचं असतं. पूर्वी चेक टाकल्यावर पार्टीला पैसे भरायला एक-दोन दिवस मिळायचे, ते आता मिळत नाहीत. म्हणून फोन चेक टाकल्यावर करून उपयोग नाही, आदल्या दिवशीच झाला पाहिजे. आपल्या उदाहरणात चेक परत गेला, 3 सप्टेंबरला बँकेची नोंद आणि मेमो हातात आला, कारण "Funds Insufficient".

इथे बरेच जण 2 सप्टेंबरची रिसीट पुसून टाकतात. तसं करू नका. बँकेच्या स्टेटमेंटला रक्कम आलेलीही दिसते आणि गेलेलीही दिसते, तुमच्या पुस्तकातही दोन्ही दिसल्या पाहिजेत, नाहीतर बँक जुळणार नाही. शिवाय या पार्टीचा चेक परत आला होता ही आठवण खात्यातून नाहीशी होते. त्याऐवजी 3 सप्टेंबरच्या तारखेला पेमेंट व्हाउचर करा: पार्टी नावे 1,26,000, बँक जमा 1,26,000. तपशिलात चेक नंबर आणि परतीचं कारण लिहा.

माझ्या मते या सगळ्या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग यापुढचा आहे. या पेमेंट व्हाउचरला टॅली पुन्हा बिलाचा संदर्भ विचारते. तिथे पटकन `New Ref` घेतला आणि "चेक परत" असं नाव दिलं, तर टॅलीच्या दृष्टीने 3 सप्टेंबरला नवं येणं जन्मलं, वय शून्य दिवस. खरं तर हे 4 जुलैच्या बिलाचं येणं आहे आणि त्या दिवशी ते 61 दिवसांचं झालेलं आहे. वर्षभर असं करत राहिलात तर उधारीच्या वयाच्या रिपोर्टमध्ये तुमच्या सगळ्यात वाईट पार्ट्या सगळ्यात ताज्या दिसतील, आणि वसुलीचा माणूस त्यांना सोडून दुसऱ्यांच्याच मागे लागेल. म्हणून संदर्भ पुन्हा 618 चाच द्यायचा. बिल पूर्ण जमा झाल्यामुळे यादीत दिसत नसेल तर तोच नंबर हाताने टाका आणि मग येणे बिलांचा रिपोर्ट उघडून बघा: 618 समोर 1,26,000 आणि तारीख 4 जुलै दिसली पाहिजे. 3 सप्टेंबर दिसत असेल तर नोंद दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बँकेने परतीचा खर्च लावला, समजा 500 आणि त्यावर जीएसटी 90. हा खर्च पार्टीकडून घ्यायचा असेल तर 500 ची वेगळी डेबिट नोट करा, तिचा संदर्भही वेगळा ठेवा. 90 चं क्रेडिट तुम्हाला मिळत असेल तर तो तुमचा खर्चच नाही. पार्टीकडून घेतलेल्या या दंडावर तुम्हाला जीएसटी लावायचा नसतो, ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलेलं आहे. हे 500 बिल 618 मध्ये मिसळू नका. पार्टी 1,26,000 भरेल आणि 500 वरून भांडेल, तेव्हा बिल तरी स्वच्छ बंद झालं पाहिजे. आणि वेळेवर पैसे येणार म्हणून रोख सवलत दिली असेल तर तीही उलटी फिरवा. चेक परत आला की सवलतीचं कारणच राहत नाही, पण ती नोंद वेगळ्या व्हाउचरमध्ये असल्यामुळे हमखास राहून जाते.

परतीचं कारण नीट वाचायची सवय लावा. पैसे अपुरे असतील तर दोन दिवसांत पुन्हा टाकता येतो, तीन महिन्यांच्या मुदतीत कितीही वेळा. सही जुळत नाही असं असेल तर आधी नवा चेक मागायचा, कारण तोच चेक पुन्हा टाकला तर बहुधा पुन्हा परत येईल. "Payment Stopped" किंवा "Account Closed" आलं तर पार्टीने जाणूनबुजून हात वर केले असं समजा आणि त्या दिवशी माल थांबवा. पुन्हा टाकाल तेव्हा नवी रिसीट करा, जुनी रिसीट आणि तिची उलट नोंद जागच्या जागी राहू द्या.

मेमोची तारीख रजिस्टरात का हवी, तर कायद्याचं घड्याळ तिथून चालू होतं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली, बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. 3 सप्टेंबरला मेमो आला, तर 3 ऑक्टोबर ही शेवटची तारीख. नोटीस पार्टीला मिळाल्यापासून तिला 15 दिवस मिळतात, आणि त्यात पैसे आले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. नोटिशीत चेकची रक्कम जशीच्या तशी मागायची, 1,26,000. बँकेचा खर्च मागायचा तर वेगळा दाखवायचा. 30 दिवस चुकले तर चेक मुदतीत असेपर्यंत पुन्हा टाकता येतो आणि नव्या परतीपासून नवे 30 दिवस मिळतात, सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हे मान्य केलं आहे. चेक जमा करण्यासाठी तुमचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टात तक्रार होते, म्हणजे पार्टी खरगोनची असली तरी तुम्ही इंदुरातच दावा लावू शकता. तक्रारीचं काम वकिलाचं, पण त्याच्या हातात द्यायचे कागद तुमच्या रजिस्टरातून येतात: मूळ चेक, मेमो, बिल, माल गेल्याची बिल्टी आणि खात्याचा उतारा.

परत आल्यावर पार्टी बहुतेक वेळा म्हणते, "वो वापस दे दो, दूसरा बना देता हूँ." दुसरा चेक जरूर घ्या, पण पहिला आणि त्याचा मेमो देऊ नका. पहिल्याच्या 30 दिवसांचं घड्याळ दुसऱ्या चेकमुळे थांबत नाही, आणि दुसराही परत आला तर तुमच्या हातात काय उरेल? दुसऱ्याची रजिस्टरात नवी ओळ करा, पहिल्यासमोर "बदली चेक नंबर अमुक" लिहा. खात्यात काहीच नोंद नाही, 618 उभंच. दुसरा वटला, पैसे आले, मग सही घेऊन पहिला परत.

आता एक बारीक गोष्ट, जी होलसेलमध्ये रोज घडते. समजा 20 ऑगस्टला, म्हणजे चेकच्या तारखेआधी, याच पार्टीने मोबाइलवरून 26,000 पाठवले आणि तुम्ही ते 618 मध्ये जमा केले. येणं आता 1,00,000 उरलं आणि तुमच्याकडचा चेक 1,26,000 चा आहे. तो तसाच टाकला आणि परत आला, तर कलम 138 ची केस टिकत नाही. चेकवर लिहिलेल्या रकमेइतकं येणं चेक टाकताना उरलेलंच नव्हतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या निकालात सांगितलं. अशा वेळी 1,00,000 चा नवा चेक घेऊन जुना सही घेऊन परत करा. ते जमत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम 56 प्रमाणे चेकवरच 26,000 मिळाल्याची नोंद करता येते, पण ती वकिलाला विचारून करा. हे वेळेत कळायचं तर मधल्या काळात आलेली प्रत्येक रक्कम लिहिताना रजिस्टर उघडून बघावं लागतं: या पार्टीचा, या बिलाचा चेक आपल्याकडे पडला आहे का? पार्टीची इतर बिलं उघडी असतील तर तिला विचारून ही रक्कम चेक नसलेल्या बिलात घ्या, म्हणजे प्रश्नच उरत नाही. तिचं उत्तर व्हॉट्सअॅपवर घ्या, तोंडी नको.

तगाद्याला उपयोगी पडणारा एक मुद्दाही आहे. जीएसटीत खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, पैसे दिल्यावर ते पुन्हा मिळतं. 4 जुलैच्या बिलाचे 180 दिवस 31 डिसेंबरला भरतात. चेक परत गेला म्हणजे बिल न दिल्यासारखंच आहे. पार्टी कंपोझिशनमध्ये असेल तर हे लागू नाही, पण नियमित नोंदणी असेल तर शांतपणे आठवण करून द्या. मी हे फोनवर बोलत नाही, बाकीच्या पत्रात एक ओळ लिहिते. पार्टीचा सीए ती ओळ वाचतो.

तुमच्या आताच्या पुस्तकांचं काय, तर 31 मार्चची वाट बघू नका. तिजोरीतले सगळे चेक काढून रजिस्टरात चढवा. ज्यांची तारीख अजून यायची आहे आणि खात्यात जमा लिहिली गेली आहे, त्यांच्या रिसीट पुसून टाका, कारण बँकेत त्या कधी गेल्याच नाहीत. उलट नोंद फक्त खरोखर बँकेतून परत आलेल्या चेकसाठी असते. मग परत आलेल्या चेकांच्या जुन्या नोंदी घ्या, `New Ref` दिलेल्या शोधा आणि मूळ बिलांवर बसवा. त्यानंतर प्रत्येक मोठ्या पार्टीला बाकीचं पत्र पाठवा आणि त्यात दोन आकडे वेगळे लिहा: बिलांप्रमाणे येणं किती, आणि त्यापैकी तुमचे किती रकमेचे चेक आमच्याकडे आहेत. पार्टीने चेक दिल्या दिवशीच तुमचं खातं आपल्या पुस्तकात भागवलेलं असतं, म्हणून एकच आकडा लिहिलात तर ती "इतकं येणं नाही" असं कळवेल. दोन आकडे असले की फरक कुठला आहे ते तिलाही दिसतं, आणि सहीचं पत्र परत येतं.